कॉर्डलेस सेट चांगला, पण नंबर गायब: काही महिन्यांचा अनुभव

आवाज स्वच्छ आहे, बॅटरी दिवसभर पुरते. त्यावर जास्त लिहीत नाही, कारण माझं सगळं भांडण त्या छोट्या स्क्रीनशी आहे. तांब्याच्या जुन्या लाइनवर येणाऱ्या फोनचा नंबर व्यवस्थित दिसायचा. फायबर घेतलं, सेटची वायर कंपनीच्या डब्यात खोचली आणि तेव्हापासून नुसती घंटा, स्क्रीन कोरी. तंत्रज्ञाने एका वाक्यात निकाल लावला, "सेट जुन्या पद्धतीचा आहे, नवीन घ्या." चालता सेट टाकून द्यायचा? जमणार नाही.

तेव्हा मीही सेटलाच एक तारा देणार होतो. पण खरी भानगड वेगळी निघाली. लँडलाइनवर नंबर पाठवायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. डीटीएमएफमध्ये बटणं दाबताना ऐकू येतात तेच सूर पहिल्या घंटेच्या आधी येतात. एफएसकेमध्ये नंबर सेकंदाला १२०० बिट या वेगाने येतो, आणि तोही बहुतेक ठिकाणी पहिल्या व दुसऱ्या घंटेच्या मधल्या शांततेत. म्हणून तिथे पहिल्याच घंटेला फोन उचलला की नंबर हुकतो. एफएसके बरोबर तारीख-वेळही आणतं, त्यामुळे सेटचं घड्याळ आपोआप लागतं.

माझ्याकडे जुन्या लाइनवर घंटेआधीच स्क्रीन उजळायची आणि घड्याळ हाताने लावावं लागायचं. म्हणजे तिथे डीटीएमएफ होतं. सेटच्या पुस्तिकेतही तेवढंच लिहिलंय. डबा मात्र एफएसके पाठवत होता, आणि ते या सेटला कळतच नाही. डब्याच्या सेटिंगमध्ये Caller ID Method असा पर्याय असतो. माझ्या डब्यात तो कंपनीने कुलूपबंद ठेवलेला. तक्रार, पुन्हा तक्रार, "सेट बदलून पाहिलात का?" हा ठरलेला प्रश्न. शेवटी एका जाणत्या माणसाने तिकडूनच Bellcore, म्हणजे एफएसकेचाच एक प्रकार, काढून DTMF केलं आणि पुढच्याच फोनला नंबर हजर!

नावाची अपेक्षा मात्र सोडा. डीटीएमएफमधून फक्त आकडे येतात. एफएसकेमधून नाव पाठवता येतं, पण ते कंपनीकडे असेल तर ना. अमेरिकेतल्या पद्धतीत फोनबरोबर फक्त नंबर येतो. नाव फोन घेणाऱ्याची कंपनी डेटाबेसमधून शोधते, तेही जास्तीत जास्त १५ अक्षरांचं. म्हणून एकाच माणसाचं नाव एका नेटवर्कवर दिसतं आणि दुसऱ्यावर दिसत नाही.

आता तक्रार खरोखर सेटबद्दल. फोनबुकमध्ये नाव साठवलं असलं तरी नंबर तंतोतंत जुळला तरच ते दिसतं. नवीन लाइन काही नंबरांपुढे शून्य लावते, काहींपुढे देशाचा कोड, आणि सेट शेवटचे आकडे जुळवून पाहायची तसदी घेत नाही. आलेल्या कॉलच्या यादीतूनच नंबर जसाच्या तसा सेव्ह करा, मग नाव येतं. एवढ्यासाठी एक तारा कापलाय.