जेवण अर्धवट आलं, पैसे पूर्ण कापले: परतावा वॉलेटमध्ये घ्यावा की खात्यात?

ॲपवरून मागवलेल्या जेवणात एखादा पदार्थ नसला की तक्रार कशी करायची हे बहुतेकांना माहीत आहे. पिशवी उघडताच बिलाच्या चिठ्ठीसकट फोटो काढून ठेवला की काम सोपं होतं. खरा प्रश्न नंतर येतो, तो परतावा कुठे घ्यायचा याचा.

आमच्या रत्नागिरीतल्या एका ऑर्डरचं उदाहरण घेतो. साडेतीनशेच्या दोन सुरमई थाळ्या आणि २६० रुपयांची कोळंबी फ्राय, म्हणजे ९६० रुपये. त्यावर दहा टक्के सूट. कोळंबी आलीच नाही. सूट वजा करून तिची किंमत २३४ रुपये होते आणि त्यावरचा ५ टक्के जीएसटी धरून २४५ रुपये ७० पैसे. ॲपने २३४ देऊ केले, कर सोडून. पर्याय कोणताही निवडा, आधी हा हिशेब करा. बाकीचं जेवण आलेलं असल्याने डिलिव्हरीचे पैसे मात्र सहसा परत मिळत नाहीत.

वॉलेटची बाजू खरी आहे: रक्कम लगेच दिसते. शहरात राहून आठवड्याला मागवणाऱ्याला ते पुरेसं असेल, त्याबद्दल वाद नाही. पण ती रक्कम त्याच ॲपवर खर्चावी लागते आणि बऱ्याचदा तिला मुदत असते.

मला नेमकं हेच नडलं. रत्नागिरीत ॲप चालतं, पण आमचं घर पावसकडे, तिथे पत्ता टाकला की सेवा उपलब्ध नाही असं येतं. पावसाळ्यात तर शहरातही कधीकधी रायडर मिळत नाही. ॲपमधले पैसे डोळ्यांना दिसतात, पण त्यातून ना भाजी येते ना पेट्रोल. मुदत मात्र चालू राहते. शहराबाहेर राहणाऱ्यांनी याचा आधी विचार करावा असं मला वाटतं.

मूळ खात्यात परतावा मागितला तर काही दिवस थांबावं लागतं. माझ्या अनुभवात यूपीआयचे पैसे कार्डापेक्षा लवकर येतात. आले नाहीत तर सपोर्टकडून व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मागून घ्या. यूपीआयला तो १२ अंकी असतो, तो बँकेच्या स्टेटमेंटमध्ये शोधता येतो. ऑर्डर रोखीने घेतली असेल तर मूळ मार्गच नसतो, तिथे वॉलेट किंवा खात्याचा तपशील देणं आलं.

न विचारता वॉलेटमध्ये टाकले, तर चॅटवर स्पष्ट लिहा की मी याला संमती दिलेली नाही. ग्राहकाचे ऑनलाइन पैसे विक्रेत्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपन्यांसाठी, म्हणजे पेमेंट ॲग्रीगेटरसाठी, असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांत परतावा मूळ पेमेंट मार्गानेच करावा, ग्राहकाने दुसऱ्या मार्गाला खास संमती दिली असेल तरच वेगळा, असं म्हटलं आहे. हे वाक्य लिहिल्यावर माझ्याशी बोलणाऱ्याचा सूर बदलला आणि रक्कम खात्याकडे वळली. तरीही अडलं तर ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची असते. पुढे ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.