डास पळवणारी झाडं म्हणून १८०० रुपयांना फसले, तुम्ही फसू नका

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, दुसरा मजला. पावसाळ्याच्या सुरुवातीला एका रोपवाल्याने बाल्कनीसाठी डास पळवणारा सेट म्हणून पाच कुंड्या दिल्या. दोन तुळशी, दोन लेमनग्रास, एक सिट्रोनेला, आणि पाणी खाली सांडू नये म्हणून प्रत्येकीखाली एक प्लास्टिकची बशी. सगळे मिळून १८०० रुपये. डास फिरकणार पण नाहीत म्हणाला.

महिन्याभरात डास कमी व्हायचे सोडून वाढले, आणि ते पण दिवसा चावणारे, पायावर पांढरे पट्टे असलेले. मी फोन केला तर म्हणतो ताई पाच कमी पडल्या, दहा लावा. मग जाऊबाई गावाहून आल्या, त्यांनी एक पान चुरगळलं आणि म्हणाल्या अगं हा तर आपला गवती चहा, परड्यातनं फुकट उपटून दिला असता, ३०० रुपये कशाला दिलेस? आणि ६५० चं सिट्रोनेला, ते तर सिट्रोनेला नव्हतंच. खरं सिट्रोनेला गवत असतं, गवती चहासारखीच लांब पाती. मला दिलेलं कातरलेल्या पानांचं, वासाचं जिरॅनियम होतं, तेच बाजारात त्या नावाने खपवतात.

पण खरं असतं तरी उपयोग नव्हता. डासांना नकोसं वाटतं ते तेल पानाच्या आत असतं, पान चुरगळल्याशिवाय ते फारसं हवेत येत नाही. काढलेलं तेल अंगाला लावलं तरी थोड्याच वेळात उडून जातं. तुळशीचं पण तेच, नुसती कुंडीत उभी राहून ती डास हाकलत नाही. मी स्वतः तुळशीच्या पानावर डास बसलेला बघितलाय.

खरा धक्का नंतर बसला. मुलाला डेंग्यू झाला, घरी तपासायला आरोग्य सेविका आल्या, त्यांनी टॉर्च मारला तर कुंडीखालच्या त्या बशीतच वळवळणाऱ्या अळ्या! एवढ्याशा पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. मी नेमानं झाडांना पाणी घालत होते आणि डास माझ्याच बाल्कनीत तयार होत होते, आठवलं की अजून वाईट वाटतं.

त्यांनी सांगितलं की नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी बशीच्या कडेला चिकटलेली असतात, कोरड्यात सुद्धा कित्येक महिने टिकतात आणि पाणी आलं की फुटतात. म्हणून मी बशा काढूनच टाकल्या. बॅरल आणि कूलरची टाकी दर रविवारी रिकामी करून ब्रशने घासून वाळवते. खिडक्यांना जाळी बसवली, मुलगा दुपारी झोपला की मच्छरदाणी आणि वर फॅन, कारण डास वाऱ्यात नीट उडू शकत नाही. बाहेर खेळायला जाताना डीट असलेलं क्रीम लावते. आता दिवसा चावणं बरंच कमी झालंय. तुळस ठेवलीय, पूजेला आणि काढ्याला. गवती चहा चहात जातो.

गच्चीवरच्या टाकीचं झाकण मात्र अजून फुटकंच आहे, त्यासाठी सोसायटीच्या मागे लागलेय.