मैत्रिणीचं मूल ॲडमिट आहे: ‘काही लागलं तर सांग’ की ‘सात वाजता डबा ठेवते’?

घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलात मैत्रिणीची चार वर्षांची सानू डेंग्यूने ॲडमिट आहे. तुम्ही राहता ऐरोलीत, आणि बातमी कळली ती शाळेच्या ग्रुपवरून. आता तिला काय पाठवायचं?

फोनचा विषय आधी संपवते. तिने आपणहून केला तर घ्या, तुम्ही करू नका. सलाईन लावलेलं पोर अर्ध्या तासाच्या रडारडीनंतर नुकतंच झोपलेलं असतं आणि तेवढ्यात फोन वाजतो. व्हॉइस नोटही नकोच. ती कानाला लावून शेवटपर्यंत ऐकावी लागते, मेसेज एका नजरेत वाचून होतो.

म्हणजे मेसेजच. आता हे दोन बघा.

पहिला: “अगं, काय झालं सानूला? धक्काच बसला ऐकून! प्लेटलेट्स किती आहेत? डॉक्टर काय म्हणतात? काळजी घे गं, काही लागलं तर नक्की सांग.”

दुसरा: “सानूचं आत्ताच कळलं. सारखं तुमच्याकडेच लक्ष आहे. उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस. उद्या संध्याकाळी सातला तुम्हा दोघांसाठी डबा खाली सिक्युरिटीकडे ठेवून निघेन, वर येणार नाही. नको असेल तर नुसतं ‘नको’ लिही.”

पहिल्यात माया कमी आहे असं नाही, पण तो तिला कामाला लावतो. आजाराची कहाणी पुन्हा टाईप करायची, तुमचा धक्का सावरायचा आणि वर आपल्याला काय लागेल हेही शोधून काढायचं. दोन रात्री न झोपलेल्या बाईला ते सुचत नाही. ती “हो गं, नक्की” लिहून मोकळी होते आणि रात्री कँटीनचा गारढोण वडापाव खाते.

प्लेटलेट्सच्या प्रश्नाचं तर वेगळंच दुखणं आहे. डेंग्यूत हा आकडा काही दिवस घसरतो आणि मग आपोआप वर येतो. डॉक्टर फक्त त्याच्याकडे बघत नाहीत. रक्त घट्ट होतंय का, लघवी नीट होतेय का, पोट दुखतंय का, उलट्या थांबल्यात का, हे सगळं ते बघतात. आईला मात्र तो एकच आकडा दिवसभर प्रत्येकाला सांगावा लागतो आणि दर वेळी समोरून “बाप रे, एवढे कमी?” ऐकावं लागतं. त्यामागोमाग पपईच्या पानांच्या रसाचा फॉरवर्ड येतोच. तो तुमच्याकडून तरी जाऊ नये.

दुसऱ्या मेसेजची एक अट आहे: सातला डबा तिथे पोचलाच पाहिजे. घोडबंदरचं ट्रॅफिक धरून निघा, आणि गेटवर डबा ठेवून घेतात का, हे हॉस्पिटलच्या रिसेप्शनला विचारा, तिला नाही. डबा आईबाबांसाठी आहे, सानूला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. पोळी-भाजी, दहीभात, सोबत चमचा, आणि सगळं परत द्यावं लागणार नाही अशा डब्यात. स्टीलचा डबा दिलात की धुऊन परत करायचं एक काम वाढवलंत.

नातं तेवढं जवळचं नसेल, म्हणजे ऑफिसमधली ओळख असेल, तर मात्र दुसरा मेसेज अंगावर येतो. तिथे डबा नको, कामाचंच बोला: “मुलीचं कळलं. शुक्रवारचा रिपोर्ट मी पाठवते, तू मेल उघडू नकोस.” बस.

आता दोन दिवसांनी पाठवायचा मेसेज. लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. ग्रुपवर येतं, “सानूचा ताप उतरला!” आणि अंगठे, फुलं, “चला, सुटलात!” यांचा पाऊस पडतो. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच, म्हणजे साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, खरा जपायचा काळ सुरू होऊ शकतो. पुढचे 24 ते 48 तास डॉक्टर जास्त बारकाईने लक्ष ठेवतात, आणि आईला ते नीट सांगितलेलं असतं. जग पेढे मागतंय आणि ती दर थोड्या वेळाने पोरीचे हातपाय गार पडलेत का चाचपतेय. अशा वेळी “सुटलात”पेक्षा “ताप उतरल्याचं कळलं. अजून लक्ष ठेवायचे दिवस आहेत ना? आज रात्री झोप लागत नसेल तर मला लिही, मी जागीच आहे” हे बरं. पण खरंच जागं राहणार असाल तरच लिहा.

तिनेच लांबलचक मेसेज पाठवला, रिपोर्टचा फोटो टाकला, तर हे सगळे नियम बाजूला ठेवून खुशाल प्रश्न विचारा. तिला बोलायचंय. फक्त रिपोर्ट वाचून आपलं निदान सांगू नका.

डिस्चार्जच्या दिवशी काहीच पाठवू नका असं माझं मत. कॅशलेसच्या मंजुरीत संध्याकाळ होते, सगळे वैतागलेले असतात. दुसऱ्या दिवशी लिहा, आणि भेटायला कधी येऊ हे न विचारता लिहा: “या आठवड्यात येत नाही, सानूला आराम पडू दे. शनिवारी भाजी आणायला निघेन तेव्हा यादी मागते.”