भाजी कुठे स्वस्त: मार्केट यार्ड, आठवडी बाजार की ॲप?

एकाच दिवशी टोमॅटो पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात २० रुपये किलो, संध्याकाळच्या आठवडी बाजारात ४० आणि मोबाईलवर ४४ दिसला की पहिला संशय येतो तो मधल्या माणसावर. मधला माणूस कमावतो हे खरंच आहे. पण या फरकाचा मोठा हिस्सा नासाडीचा असतो. टोमॅटो नासणार हे ठरलेलंच. तो कुणाच्या खिशातून नासणार, एवढंच तीन ठिकाणी वेगवेगळं ठरतं. ते एकदा कळलं की कुठली भाजी कुठून घ्यायची याचा निम्मा निकाल लागतो.

एका कॅरेटचा हिशोब मांडून पाहू. आकडे समजुतीपुरते धरले आहेत, भाव तर रोज हलतो. कॅरेटमध्ये २० किलो टोमॅटो, १० किलोला २०० रुपये भाव, म्हणजे माल ४०० रुपयांचा. २०१६ साली राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाणारी अडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, खरेदीदारावर टाकली. त्यामुळे माल उचलणाऱ्या भाजीवाल्याला या ४०० वर अडतीचे धरा २४ आणि हमाली-तोलाईचे १२ रुपये मोजावे लागतात. टेम्पोतला वाटा ३० रुपये. कॅरेट त्याला ४६६ ला पडलं. आता त्यात तळाचे दबलेले, फुटलेले, हिरवट असे दोनेक किलो निघतात. विकण्याजोगे उरले १८ किलो, म्हणजे पथारीवर मांडेपर्यंत तोच टोमॅटो २६ रुपये किलो झाला, आणि अजून त्याने एक रुपयाही कमावलेला नाही.

तो दुपारी ४० ने विकायला सुरुवात करतो. समजा १३ किलो त्या भावाने गेले, उरलेले ५ किलो अंधार पडल्यावर २० ने काढले. हातात आले ६२०, सुटले १५४. त्यातून जागेची पावती, पिशव्या, चहा आणि पहाटे तीनला उठून यार्डात जाण्याची मजुरी. दुप्पट भावातला ‘नफा’ असा दिसतो. अंधार पडल्यावरचे ते ५ किलो मात्र लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचं आहे.

आता प्रश्न असा, की मग आपणच यार्डात का जाऊ नये? अनेक जण रविवारी जातातच. पण घरगुती गिऱ्हाईकाला कॅरेटचा भाव मिळत नाही, कारण आडत्याच्या गाळ्यावर सुटं कुणी देत नाही. तुम्ही घेता ते गाळ्यांसमोर माल फोडून विकणाऱ्याकडून, बहुतेकदा पाच किलोच्या धड्याने. २० चा टोमॅटो तिथे २६ ते २८ ला मिळतो. बाजारापेक्षा किलोमागे १२ रुपये वाचले असं धरू. घर १२ किलोमीटर लांब असेल तर दुचाकीला जाऊन-येऊन पेट्रोल ५५ रुपये, पार्किंग १०. म्हणजे साडेपाच किलो भाजी घेईपर्यंत तुम्ही फक्त जाण्यायेण्याचा खर्च भरून काढता, खरी बचत त्यापुढे. चौघांचं घर आठवड्याला दीड-दोन किलो टोमॅटो खातं. धड्यातला शेवटचा किलो शुक्रवारी मऊ पडून कचऱ्यात गेला, की यार्डातली नासाडी आपण पदरमोड करून विकत आणलेली असते. आम्ही तीन वर्षं हौसेने हे केलं. डबा भरून टोमॅटोचं सार सलग तीन दिवस खाल्लं की हौस फिटते.

यार्ड निर्विवाद जिंकतं ते टिकणाऱ्या मालात: कांदा, बटाटा, लसूण. त्यातही कांद्याला एक अट आहे. मार्च ते मे दरम्यान निघणारा उन्हाळी कांदा टिकतो; पावसाळ्यानंतर येणारा खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, त्याची गोणी भरणं म्हणजे कोंब विकत घेणं. एप्रिल-मेमध्ये यार्डातून गोणी आणावी, मान सुकून मिटलेली आणि पापुद्रा कोरडा आहे ना हे गोणीत हात घालून मधून पाहावं, आणि तीन घरांनी वाटून घ्यावी. रिक्षाचं भाडंही तिघांत जातं. यार्डात मी आता फक्त असाच जातो, किंवा घरी कार्य असलं तर. एक बारकावा: पुण्याचा यार्ड शनिवारी बंद असतो आणि रविवारी आवक सर्वांत मोठी. आवक मोठी म्हणून भाव नरम असायला हवा, पण रविवारी आपल्यासारखी सुटी असलेली गर्दीही तिथेच असते. सकाळी नऊनंतर गेलात तर मोठ्या खरेदीदारांनी निवडून उरलेला माल तुमच्या वाट्याला येतो.

आठवडी बाजाराकडे येऊ. माझं मत विचाराल तर आठवड्याची भाजी भरायला सरासरीने हाच स्वस्त, पण सरासरीत फसायचं नाही. बाजारात एकाच ओळीत दोन प्रकारचे विक्रेते बसतात. एक यार्डातून माल उचलून रोज वेगळ्या गावचा बाजार धरणारा, दुसरा स्वतःच्या वावरातलं घेऊन आलेला शेतकरी. राज्याच्या कृषी पणन मंडळाने संत सावता माळींच्या नावाने शहरांत शेतकरी आठवडे बाजार सुरू केले ते या दुसऱ्यांसाठी. ओळखायला सोपं आहे. ज्याच्याकडे पंधरा भाज्या हारीने मांडल्यात तो व्यापारी. ज्याच्याकडे मेथी, वांगी आणि चार कणसं एवढंच आहे आणि काट्याशेजारी घरचं पोरगं बसलंय, तो बहुधा शेतकरी. त्याला अडत नाही, यार्डातली हमाली नाही, आणि उरलेला माल दुसऱ्या बाजारात नेण्याची सोयही नाही. म्हणून पालेभाजी त्याच्याकडूनच घ्यावी, भाव थोडा खालीही येतो.

पालेभाजीचा हिशोब टोमॅटोपेक्षा कडक असतो. यार्डात कोथिंबीर-मेथी किलोवर जात नाही, शेकडा जुड्यांवर जाते. शेकडा ८०० म्हणजे जुडी ८ रुपयांना, आणि बाजारात १५-२० ऐकून आपण चिडतो. पण यार्डातली जुडी मोठी असते. किरकोळ विक्रेता ती सोडून तिच्या दोन, कधी तीन करतो, हे धरलं तर तो फरक उलट आणखी वाढतो. तरीही तो वाजवी का ठरतो, तर दुपारी तीननंतर पालेभाजीचं वजन, रंग आणि किंमत तिन्ही तासागणिक उतरतात. पाणी मारून ती ताजी दिसते. देठाचा कापलेला भाग पाहा. तो पांढुरका-ओला असेल तर आजची, तपकिरी असेल तर कालची किंवा त्याआधीची. शनिवारच्या बाजारात हे जरूर पाहावं, कारण यार्ड बंद असल्याने व्यापाऱ्याकडची जुडी शुक्रवारची असू शकते.

आता ते अंधारातले ५ किलो. दिवेलागणीनंतर, विशेषतः आभाळ भरून आलं की, बाजार वाट्यांवर येतो. ‘दहाला वाटा, घ्या घ्या.’ विक्रेत्याला नासाडी घरी न्यायची नसते, तो ती तुमच्या पिशवीत टाकतो आणि त्याबदल्यात भाव देतो. उद्या-परवा संपणाऱ्या भाजीला याच्याइतकं स्वस्त काही नाही, कधी यार्डापेक्षाही. मात्र वाटा तराजूवर चढत नाही. वरचे चार टोमॅटो लाल आणि खालचे पिचके, हे हात लावूनच कळतं. भेंडी-गवार यावेळी घेऊ नये, दिवसभर उन्हात राहून ती जून लागते.

ॲपचा भाव समजायला सर्वांत फसवा, कारण तो पडद्यावर दोन ठिकाणी विभागलेला असतो. टोमॅटो अर्धा किलो २२, म्हणजे किलोला ४४. कंपनीने माल निवडून, पिचका बाजूला काढून, थंड जागी ठेवलेला असतो. नासाडी तिची, म्हणून ती भावात आधीच धरलेली. मग १४० रुपयांच्या भाजीवर घरपोच देण्याचे २५ आणि हाताळणीचे १० लागले, तर प्रत्येक भाजी पाव पटीने महागली. हा भार टाळायला किमान रकमेपर्यंत आपण बिस्किटं भरतो, तो हिशोब कुणी धरत नाही. पाकिटावर ‘४०० ते ६०० ग्रॅम’ असं लिहिलं असेल तर भाव ४०० ने भागून पाहा. आणि अर्धा किलो फ्लॉवरची तुलना बाजारातल्या पाल्यासकट गड्ड्याशी करू नका. बाजारातल्या गड्ड्याचा बराच भाग देठ-पाला असतो, तिथे ॲप वाटतं तितकं महाग पडत नाही.

तरी ॲप स्वस्त पडतं असे प्रसंग आहेत. १०० ग्रॅम कोथिंबीर आणि चार मिरच्या हव्या असतील आणि किराणा तसाही मागवायचा असेल, तेव्हा अख्खी जुडी आणून निम्मी वाळवण्यापेक्षा तेच बरं. गिऱ्हाईक खेचायला एखादी भाजी तोट्यात लावलेली असते, तेव्हा तीच एक घ्यावी, बाकीची नाही. मशरूम, ब्रोकोली बाजारात येतेच असं नाही. तिसरा प्रसंग भाव उसळतो तेव्हाचा. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरीपार गेला तेव्हा बाजारातला भाव यार्डाबरोबर सकाळीच वर चढायचा. अशा काळात पथारीवरचा विक्रेता भांडवल अडकू नये म्हणून माल कमी उचलतो, चांगला टोमॅटो दुपारीच संपतो आणि संध्याकाळची सूट उरत नाही. तेव्हा ॲप उघडून पाहायला हरकत नाही.

बाजाराला निघण्याआधी मी एवढंच करतो. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचा क्विंटलचा ‘सर्वसाधारण’ भाव पाहतो आणि १०० ने भागतो. किमान-कमालकडे पाहत नाही, त्यात टाकाऊ आणि निवडक दोन्ही माल असतो. बाजारात फळभाजी त्याच्या दीडपट ते दुप्पट असेल तर घासाघीस न करता घेतो. तिपटीला गेली तर दोन पथाऱ्या पुढे विचारतो. पितृपक्षात गवार, भेंडी आणि भोगीच्या आदल्या दिवशी पावटा, ओला हरभरा यांना हा नियम लागू नाही. तेव्हा तिन्ही ठिकाणी सारखंच महाग असतं, आणि ज्याला वाटाभरच हवंय त्याने कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून घ्यावं.