सुट्टी म्हणजे झोप नव्हे: रात्र वाटून घेणाऱ्या दोघांचा साडेपाच महिन्यांचा अनुभव

आमचे बाळ 9 दिवसांचे असताना मी आणि माझ्या नवऱ्याने आपापल्या फोनवर बाळाच्या नोंदी ठेवायचे एक ॲप घेतले. त्यापूर्वी आम्ही पाळण्याशेजारच्या वहीत लिहीत होतो. वहीची अडचण एवढीच होती की दिवा लावल्याशिवाय ती वाचता येत नसे, आणि दिवा न लावता काही जाणून घ्यायचे तर झोपलेल्या माणसालाच उठवून "शेवटचं कधी प्यायलं?" असे विचारावे लागे. रात्र वाटून घेतल्याचा सगळा फायदा त्या एका प्रश्नात निघून जाई. ॲपमध्ये दूध, झोप, डायपर आणि औषध अशा चार नोंदी दोघांच्या फोनवर एकत्र दिसतात आणि रोज सकाळी ते आई-वडिलांना प्रत्येकी तीन प्रश्न विचारते. या प्रश्नांना तिथे 'विचारपूस' असे नाव आहे. आम्ही ॲप घेतले ते नोंदींसाठी, परंतु आज मी हे लिहीत आहे ते मुख्यतः त्या विचारपुशीमुळे.

नोंदींबद्दल आधी दोन गोष्टी सांगते, कारण सुरुवातीला त्यांनी आमचा गोंधळ उडवला. नवजात बाळ 24 तासांत साधारण 8 ते 12 वेळा पिते आणि दोन पाजण्यांमधले अंतर एका सुरुवातीपासून दुसऱ्या सुरुवातीपर्यंत मोजतात. ॲप मात्र मुळात ते शेवटापासून मोजत होते. आमचे बाळ पहिल्या महिन्यात एकेका वेळी 40 मिनिटे पीत असे, त्यामुळे 1 वाजता प्यायला घेतलेल्या बाळाला डॉक्टरांच्या हिशेबाने 4 पर्यंत पाजायला हवे होते, तर ॲप 4 वाजून 40 मिनिटे दाखवत असे. वजन अजून जन्माच्या वजनाइतके झालेले नव्हते, त्या दिवसांत हा फरक किरकोळ नव्हता. सेटिंगमध्ये तो बदलता येतो, पण तो बदलायचा असतो हे आम्हाला चौथ्या दिवशी कळले. शिवाय घड्याळ काहीही म्हणो, बाळ तोंड वळवून शोधू लागले किंवा मुठी चोखू लागले की पाजायचे. रडणे ही भुकेची उशिराची खूण आहे.

दुसरी गोष्ट मध्यरात्रीची. ॲपचा दिवस 12 वाजता संपत असे, त्यामुळे आमची प्रत्येक रात्र दोन वेगळ्या पानांवर अर्धी-अर्धी पडत असे आणि सकाळी कालची रात्र कशी गेली ते एका नजरेत दिसत नसे. आम्ही दिवसाची सुरुवात संध्याकाळी 6 वर नेली. या एका बदलानंतर पहिल्यांदाच आम्हाला आमच्या रात्रीचा आकार दिसला.

सहा आठवडे झाल्यावर, बाळाचे वजन नीट वाढू लागल्यावर आणि अंगावर पिणे सुरळीत झाल्यावर, आम्ही रात्रीचे दोन भाग केले. पहिली मांडणी आम्ही उत्साहाच्या भरात केली. मी 8 वाजता पाजून 9 ला झोपायचे आणि 4 ला उठायचे, मधल्या दोन्ही वेळा नवऱ्याने काढलेले दूध बाटलीने द्यायचे. कागदावर मला सलग 7 तास मिळत होते. प्रत्यक्षात 1 च्या सुमारास छाती दगडासारखी होऊन मला जाग येई, कपडे ओले झालेले असत आणि मग 25 मिनिटे पंप लावून बसावे लागे. तिसऱ्या दिवशी एका बाजूला दुखरी गाठ लागली. दोन पाजण्यांमध्ये 8 तासांची फट ठेवली की असे होणारच होते, आणि हे असेच चालू राहिले असते तर शरीराने दूध कमी करायला सुरुवात केली असती. ॲपमधल्या नोंदींतून हे आम्हाला समजले, कारण पंपाच्या नोंदी रोज 12:50, 1:10, 1:05 अशा जवळजवळ एकाच वेळी येत होत्या.

मग आम्ही मांडणी बदलली. मी रात्री 9:30 ला पाजायचे आणि सव्वादहाला झोपायचे. साडेबाराच्या सुमारास त्याने 90 मिलिलीटरची एक बाटली द्यायची. 3 वाजता मी उठून पाजायचे आणि त्याने साडेतीन ते 8 झोपायचे. माझी दोन पाजण्यांमधली फट साडेपाच तासांवर आली, जी माझ्या शरीराला झेपली, आणि दोघांनाही साडेचार-पावणेपाच तासांचा एकेक सलग तुकडा मिळाला. बाटलीसाठीचे दूध मी सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर काढून फ्रीजमध्ये ठेवत असे, कारण त्या वेळी दूध जास्त येई. साडेपाच तासांची ही फट प्रत्येकीला चालेलच असे नाही. कोणाला ती चारच तासांची ठेवावी लागेल, आणि ते छातीचे दुखणे व बाळाचे वजन पाहूनच ठरवावे.

आता विचारपुशीकडे येते. तिचे तीन प्रश्न असे आहेत. काल रात्री सर्वांत लांब सलग झोप किती मिळाली? जबाबदारी दुसऱ्याकडे असताना आणि बाळ शांत असताना तुम्हाला झोप लागली का? बाळ हातात असताना डुलकी लागली का? मनःस्थितीचे हसरे-रडके चेहरे नाहीत, काल तुम्ही आनंदी होता का असे विचारणे नाही, आणि उत्तर दिले नाही तर दुपारी पुन्हा टोचणे नाही. उत्तरे आपल्याच फोनवर राहतात आणि आपण ठरवले तरच जोडीदाराला दिसतात. सुरुवातीला हा खाजगीपणा मला अनावश्यक वाटला होता.

नवी मांडणी सुरू झाल्यावर नोंदीच्या पानावर सगळे सुरेख दिसत होते. सव्वादहा ते 3 या पट्टीवर माझ्या नावापुढे 'विश्रांती' असे लिहिलेले असे, आणि माझा नवरा ती पट्टी पाहून समाधानाने बाळाला सांभाळत असे. विचारपुशीत मात्र मी रोज वेगळेच लिहीत होते. सर्वांत लांब झोप 1 तास 40 मिनिटे, 1 तास 15 मिनिटे, 2 तास. दुसऱ्या प्रश्नाला 'नाही'. मी अंधारात पडून बाळाच्या श्वासाचा आवाज मोजत असे, आवाज आला नाही तर उठून बघत असे, आणि तो आला तरी तो नेहमीसारखा आहे का याचा विचार करत असे. सातव्या दिवशी ॲपने दोन वाक्यांत सांगितले की गेल्या 7 पैकी 6 दिवस झोपायची संधी असूनही तुम्हाला झोप लागलेली नाही, ही गोष्ट थकव्यापेक्षा वेगळी असू शकते आणि तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घालावी. खाली विचारले होते, जोडीदाराला कळवायचे का? ते बटण दाबायला मला दोन दिवस लागले.

"पण तू झोपलेली असतेस असंच मला वाटत होतं," तो म्हणाला. त्याची चूक नव्हती. ॲप जबाबदारी कोणाकडे आहे ते दाखवत होते आणि आम्ही दोघेही तीच झोप समजत होतो. या ॲपच्या रचनेतला सर्वांत मोठा दोष मला इथेच दिसतो. 'विश्रांती' हा शब्द त्या पट्टीवर नकोच होता, 'सुट्टी' पुरेसा होता.

डॉक्टरांनी मला एडिंबरा प्रसवोत्तर नैराश्य श्रेणीची 10 प्रश्नांची चाचणी भरायला दिली. ती 1987 पासून वापरात आहे, मागच्या 7 दिवसांबद्दल विचारते आणि 30 पैकी गुण देते. गुणांवरून निदान होत नाही, पुढे नीट तपासणी हवी की नको एवढेच ठरते. माझे गुण काठावर आले, त्यातही चिंतेच्या प्रश्नांवर अधिक. त्यांनी थायरॉइडची तपासणीही करवली, कारण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडले तरी अशीच झोप उडते आणि धडधड होते. ती ठीक निघाली. त्यानंतर समुपदेशकांकडे जाणे सुरू केले, आणि घरात एक बदल केला. माझ्या सुट्टीच्या वेळात बाळ त्याच्याच पाळण्यात, नवऱ्याच्या खोलीत राहू लागले आणि मी दुसऱ्या खोलीत दार लावून झोपू लागले. सुमारे तीन आठवड्यांनी दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे बहुतेक दिवशी 'हो' येऊ लागली.

तिसऱ्या प्रश्नाचा उपयोग त्याच्या बाबतीत झाला. चौथ्या महिन्यात, कामाच्या ताणाच्या दिवसांत, त्याने एका सकाळी 'हो' लिहिले. साडेबाराची बाटली देताना सोफ्यावर त्याचा डोळा लागला होता. इथे ॲप सात दिवस थांबत नाही. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन झोप लागणे हे बाळासाठी विशेष धोक्याचे असते, असे ते लगेच सांगते. त्या दिवसापासून आमचा नियम ठरला की डोळे मिटायला लागले तर माझी सुट्टी असली तरी मला उठवायचे. त्याने मला तीन वेळा उठवले आणि तिन्ही वेळा मला त्याचे बरे वाटले.

बिघाडही झाले. पाजण्याचे घड्याळ बंद करायचे राहून गेले की 35 मिनिटांचे पाजणे 3 तास 10 मिनिटांचे होऊन बसते आणि आठवड्याची सरासरी बिघडते. एकापेक्षा जास्त तास चाललेली नोंद ॲपने स्वतःहून विचारून घ्यायला हवी. याहून गंभीर म्हणजे, एका फोनला इंटरनेट नसेल तर दुसऱ्या फोनवर जुनेच चित्र दिसते आणि ते जुने असल्याची कुठलीही खूण नसते. माझी 'ड' जीवनसत्त्वाच्या थेंबांची नोंद अशीच त्याच्यापर्यंत पोहोचली नाही आणि त्या दिवशी बाळाला थेंब दोनदा गेले. एका जादा मात्रेने काळजीचे कारण नाही, असे डॉक्टरांनी फोनवर सांगितले. तेव्हापासून थेंब फक्त तोच देतो, अंघोळीनंतर, आणि औषधाच्या बाबतीत आम्ही ॲपवर विसंबत नाही.

मिनिटांचे आलेख मी दुसऱ्या महिन्यातच बंद केले. अंगावर पिणाऱ्या बाळाने 12 मिनिटांत किती दूध घेतले हे मिनिटे सांगू शकत नाहीत. संध्याकाळी 6 ते 10 मध्ये बाळ पाच वेळा प्यायले की आलेखाची रेघ लाल होई आणि मी घाबरत असे, खरे तर त्या वयात संध्याकाळी असे लागोपाठ पिणे नेहमीचेच. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी दर वेळी 24 तासांत किती वेळा प्यायले आणि किती डायपर ओले झाले एवढेच विचारले, आणि मग वजन केले. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला 6 किंवा अधिक ओले डायपर ही खूण त्या लाल रेघेपेक्षा कितीतरी भरवशाची होती.

आता बाळ रात्री बहुधा एकदाच उठते. झोपेच्या नोंदी आम्ही महिनाभरापूर्वी थांबवल्या, दुधाच्या फक्त रात्रीच्या ठेवल्या आहेत. विचारपूस रोजची आठवड्यावर आणली आहे. ती रविवारी सकाळी येते आणि आम्ही दोघेही आपापली उत्तरे आता एकमेकांना दिसू देतो.