सहकाऱ्याची बाजू आधी सांगायची: पाच महिने आणि सात मुलाखतींनंतरचा अनुभव

'टीममधल्या कोणाशी मतभेद झाला होता असा एखादा प्रसंग सांगा' हा प्रश्न मला सातपैकी सहा बिहेवियरल राउंडमध्ये आला. पहिल्या दोनांत मी माती खाल्ली, तीही दोन वेगवेगळ्या प्रकारे. पहिल्यांदा सहकारी 'घाई करत होता, ऐकूनच घेत नव्हता' असं बोलून गेलो. दुसऱ्यांदा त्या धास्तीने 'आमच्यात थोडा गैरसमज होता, मग आम्ही बसून चर्चा केली आणि तोडगा निघाला' एवढ्यावर आटोपलं. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, 'यात तुम्ही नेमकं काय केलंत?' माझ्याकडे उत्तर होतं, पण 'आम्ही'च्या आड ते मीच दडवलं होतं.

स्टार पद्धत मला माहीत होती: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. पण तिच्यात समोरच्या माणसाला वेगळा रकानाच नाही. मग मी त्यात एक पायरी घुसवली. माझं मत सांगायच्या आधी सहकाऱ्याचं कारण सांगायचं, आणि तेही इतकं नीट की ऐकणाऱ्याला क्षणभर त्याचंच पटावं. तिसऱ्या मुलाखतीपासून हेच वापरतोय.

माझा प्रसंग पेमेंटचा. पेमेंटच्या सर्व्हरला पाठवलेल्या कॉलचं उत्तर ठरलेल्या वेळेत आलं नाही, म्हणजे टाइमआउट झाला, की तो लगेच पुन्हा पाठवायचा, असा कोड सहकाऱ्याने लिहिला होता आणि गुरुवारी रिलीज होती. आधी मी हे असं सांगायचो: 'त्याने धोक्याचा विचारच केला नव्हता.' आता सांगतो: 'ग्राहकांना पेमेंट अयशस्वी दिसत होतं, तक्रारी रोज त्याच्याकडे येत होत्या आणि पुन्हा प्रयत्न करणं हा त्यावरचा सर्वांत झटपट उपाय होता. माझी शंका एकाच जागी होती. टाइमआउट म्हणजे व्यवहार झालाच नाही असं नसतं. उत्तर उशिरा आलं असेल, तर पैसे दोनदा कापले जातील.'

यानंतर कृती, आणि इथे 'मी' म्हणायला अजिबात लाजायचं नाही. टाइमआउट पाच सेकंदांचा होता. मी चाचणीच्या सर्व्हरवर उत्तर मुद्दाम सहा सेकंदांनी पाठवलं, आणि एकाच ऑर्डरच्या दोन नोंदी पडल्या. त्या मी त्याला त्याच्याच स्क्रीनवर दाखवल्या. दहा मिनिटांत ठरलं: नुसती स्थिती विचारणाऱ्या कॉलला पुन्हा प्रयत्न गुरुवारीच द्यायचा, कारण तिथे दोनदा विचारल्याने काही बिघडत नाही. पैसे कापणाऱ्या कॉलला मात्र प्रत्येक व्यवहाराची एक ठरलेली खूण जोडायची, म्हणजे तीच खूण दुसऱ्यांदा आली की सर्व्हर नवा व्यवहार करणार नाही. हे काम आठ दिवसांनी रिलीज झालं. ही विभागणी त्याने सुचवली होती, आणि तेही मी मुलाखतीत सांगतो.

तयारी करताना मी उत्तर फोनवर रेकॉर्ड करून 'तो', 'त्याने' आणि 'त्याला'ने सुरू होणारी वाक्यं तपासली. 'त्याने कोड लिहिला', 'त्याने तारीख सांगितली' ही दिसलेली गोष्ट, ती ठेवली. 'त्याला पडलेली नव्हती', 'त्याला इगो होता' हे त्याच्या मनातलं, म्हणजे माझी कल्पना. ते काढून टाकलं. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये अशी पाच वाक्यं निघाली. उत्तर सौम्य करायला नुसते शब्द बदलून भागत नाही हे तेव्हा कळलं. 'घाई'ऐवजी 'थोडी घाई' म्हटलं तरी बोट त्याच्याकडेच राहतं.

फरक पुढच्या प्रश्नांवरून कळला. पूर्वी विचारायचे, 'आता तुमचं जमतं का?' म्हणजे त्यांना भांडणाचा वास आलेला असायचा. आता विचारतात, 'सहाच सेकंद का?' किंवा 'रिलीज पुढे का नाही ढकलली?'

कुरकुरीही आहेत. तिसऱ्या मुलाखतीत मी सहकाऱ्याची बाजू इतकी रंगवली की समोरच्याने विचारलं, 'मग तुमचा विरोध होता तरी कशाला?' तेव्हापासून त्याच्या बाजूला तीन वाक्यं, त्याहून जास्त नाही. एचआरच्या छोट्या राउंडमध्ये पेमेंटचा तपशील जड होतो, तिथे 'पैसे दोनदा कापले गेले असते' एवढंच पुरतं. आणि समोरचा खरोखरच गैर वागला होता असे प्रसंग या साच्यात बसत नाहीत. तिथे त्याची बाजू मांडायला गेलं की उत्तर खोटं वाटतं. मी असे प्रसंग मुलाखतीत घेतच नाही.

सहाव्या मुलाखतीत विचारलं, 'तो सहकारी आत्ता इथे असता तर काय म्हणाला असता?' या प्रश्नाची तयारी नव्हती, पण खरं उत्तर हाताशी होतं. चाचणी करण्याआधी मी त्याच्या कोडवर सगळ्यांना दिसतील अशा चौदा कमेंट टाकल्या होत्या. म्हणालो, 'तो म्हणाला असता की चौदा कमेंट टाकण्याआधी एक फोन करायला हवा होता. तसं तो मला म्हणालाही होता.' समोरचे हसले आणि लिहून घेऊ लागले.