बीबीएस तपासताना: ओळीवरून ड्रॉइंगकडे की ड्रॉइंगवरून ओळीकडे?

सळईचं शेड्यूल, म्हणजे बीबीएस, हातात आलं की ते तपासायच्या दोन रीती. एक, शेड्यूलची ओळ वाचायची, ती सळई ड्रॉइंगवर शोधायची, आकडे जुळवायचे, टिक मारायची. दुसरी उलटी: ड्रॉइंगवरची प्रत्येक सळई घ्यायची, तिची ओळ शेड्यूलमध्ये शोधायची आणि सापडली की ड्रॉइंगवर पिवळा हायलायटर फिरवायचा. दोन्हीत कागद तेच, पण सापडणाऱ्या चुका वेगळ्या. चार मजली इमारतीचं एका मजल्याचं शेड्यूल पहिल्या रीतीनं दोन-अडीच तासांत होतं, दुसरीला अख्खा दिवस लागतो. म्हणून बहुतेक जण पहिलीवर थांबतात. मीही थांबायचो.

उचगावच्या एका साइटवरच्या B7 बीमनं ती सवय मोडली. २३० × ४५० चा बीम, तीन गाळे, प्रत्येक ४.१ मीटर मोकळा, चार कॉलम ३०० मिमीचे. काँक्रीट एम २५, सळई एफई ५००. खाली १६ मिमीच्या दोन सळया टोकापासून टोकापर्यंत, दोन्ही बाजूंना ७०० चा एल. कॉलमच्या बाहेरच्या कडेपासून दोन्हीकडे ७० मिमी सोडले तर आडवी लांबी १३,३६० भरते. त्यात दोन एल मिळवून दोन वळणांचे ६४ वजा केले की १४,६९६. सळई येते १२ मीटरची, म्हणजे दोन तुकडे काही अंतर एकमेकांना लावून जोडायचा लॅप आलाच.

शेड्यूलमध्ये दोन तुकडे होते: १२,००० आणि ३,३३६. मी ओळीवरून ड्रॉइंगकडे गेलो. बेरजेतून लॅप काढला तर ६४० निघाला. ड्रॉइंगच्या सर्वसाधारण टिपांत लॅप ४९ पट व्यास लिहिलेला, म्हणजे ७८४. शेड्यूलच्या एक्सेलमध्ये सेलवर क्लिक केलं तर आत `=40*D12`. हा ४० कुठून आला ते लगेच कळलं. आयएस ४५६ च्या सूत्रानं एम २५ मध्ये एफई ४१५ ची डेव्हलपमेंट लेंथ, म्हणजे काँक्रीटची पूर्ण पकड मिळायला सळईला लागणारी लांबी, साधारण ४० पट येते आणि एफई ५०० ची ४८.५, म्हणून ४९. कुणीतरी जुन्या कामाची फाइल उघडून नवीन नावानं सेव्ह केली होती. १६ मिमीचा प्रत्येक लॅप १४४ मिमीनं कमी, आणि चूक फक्त याच बीममध्ये नाही, पूर्ण फाइलभर. अशी चूक ओळीवरून तपासताना पटकन सापडते, कारण ती एकाच सेलमधून सगळीकडे पसरलेली असते. दोन-तीन ओळींचा लॅप हातानं काढून पाहिला तरी पुरतं.

दुरुस्ती झाली: १२,००० आणि ३,४८०. बेरीज १५,४८०, बरोबर. मी टिक मारली.

बारबेंडरनं पहिली सळई सेंटरिंगवर टाकली तेव्हा खरी चूक दिसली. डाव्या कॉलमच्या बाहेरच्या कडेपासून मोजलं तर बारा मीटरचा तुकडा ११,४०२ वर संपतो. तिथून ७८४ मागं आलं की लॅप १०,६१८ ते ११,४०२. तिसरा गाळा ९,१०० ते १३,२०० असा, त्याचा मध्य ११,१५०. म्हणजे खालच्या सळईचा लॅप बरोबर गाळ्याच्या मध्यावर, जिथं खाली ताण सर्वांत जास्त. शिवाय दोन्ही सळयांचे तुकडे तेच, त्यामुळे दोन्ही लॅप एकाच जागी. ड्रॉइंगवर स्पष्ट लिहिलं होतं की खालचा लॅप कॉलमच्या कडेपासून बीमच्या प्रभावी खोलीच्या दुप्पट अंतर सोडून, मध्य टाळून, आणि एका जागी निम्म्याच सळयांचा.

ही चूक शेड्यूलच्या ओळीत नसतेच. ओळीत फक्त लांबी असते, जागा नसते. ज्यानं शेड्यूल केलं त्यानं सळई वाया जाऊ नये म्हणून पहिला तुकडा पूर्ण बारा मीटरचा धरला, आणि लॅप जिथं पडला तिथं पडला. दुसऱ्या रीतीनं, ड्रॉइंगवर सळई आखून तिचा लॅप कुठं येतो ते पाहिलं असतं, तर ऑफिसातच कळलं असतं.

नवीन तुकडे काढले. प्रभावी खोली ४०९ म्हणून दुप्पट धरली ८२०. लॅप सुरू ९,९२० ला, संपतो १०,७०४ ला. पहिला तुकडा ११,३०२, दुसरा ४,१७८. बेरीज तीच १५,४८०. दुसऱ्या सळईसाठी तुकडे तेच, फक्त उलट्या बाजूनं टाकायचे, की तिचा लॅप पहिल्या गाळ्यात जातो. बारबेंडर म्हणाला, "साहेब, दोन सळयांचं पाऊण-पाऊण मीटर वाया जातंय की." बरोबर होतं त्याचं. ६९८ चे दोन तुकडे, १६ मिमीची सळई मीटरला १.५८ किलो, म्हणजे २.२ किलो. तेवढ्यावर वाद मिटला.

पण म्हणून दुसरी रीत प्रत्येक ठिकाणी सरस असं नाही. कव्हरचं, म्हणजे सळईबाहेरच्या काँक्रीटच्या थराचं पाहा. याच बीमच्या, मुख्य सळयांभोवती बसणाऱ्या रिंगचं माप शेड्यूलमध्ये १९६ × ४१६ होतं. ड्रॉइंगवर कव्हर २५. आयएस ४५६ प्रमाणे कव्हर सर्वांत बाहेरच्या सळईपर्यंत मोजायचं, म्हणजे रिंगपर्यंत, त्यामुळे ८ मिमीची रिंग बाहेरून १८० × ४०० हवी. शेड्यूलवाल्यानं २५ मुख्य सळईपर्यंत धरले आणि रिंग तिच्या बाहेर काढली. ती रिंग बसवली तर कव्हर उरतं १७. कव्हर ब्लॉक २५ चा घातला तर रिंग साच्यात बसतच नाही, मग फिटर ब्लॉक काढून टाकतो. ड्रॉइंगवर रिंग म्हणजे एक चौकोन आणि एक टीप, हायलायटर तिच्यावरून सहज फिरून जातो. ओळीवरून गेलात तर २३० मधून १९६ वजा केले, ३४ आले, निम्मे १७, असं दोन सेकंदांत दिसतं. आणि एका ओळीत चौसष्ट रिंगा असतात, म्हणून ती ओळ चुकली की नुकसान मोठं.

मार्कचं, म्हणजे सळईच्या ओळखक्रमांकाचं उलट. त्याच मजल्यावर आधाराच्या वरच्या जादा सळयांचा मार्क ड्रॉइंगवर B9-04 होता, आणि शेड्यूलमध्ये B9-04 म्हणून बाल्कनीच्या बीमची एल सळई होती. ओळ वाचून ड्रॉइंगवर गेलं तर B9-04 सापडतो, टिक बसते. सुटते ती आधारावरची सळई, तिला ओळच नाही. गठ्ठ्यावर टॅग B9-04 चा, फिटर तो बाल्कनीत वापरतो, आणि स्लॅब ओतायच्या आदल्या रात्री सळई कमी पडते. ड्रॉइंगवर काही पिवळं व्हायचं राहिलं तरच हे दिसतं. रिव्हिजनमध्ये दोनाच्या तीन सळया झाल्या आणि शेड्यूल जुन्याच रिव्हिजनचं असलं, तेही असंच.

एकच दिवस असेल तर असं वाटून घ्या. स्लॅबच्या आणि फुटिंगच्या सळया ओळीवरूनच तपासा. तिथं मार्क थोडे, आकडे पुन्हा पुन्हा तेच, आणि लॅपचा सेल एकदा उघडला की बस. रिंगाही ओळीवरून, पण प्रत्येक मापाची. कॉलम आणि बारा मीटरपेक्षा लांब प्रत्येक बीम मात्र ड्रॉइंगवरून, पट्टी लावून, लॅपची सुरुवात आणि शेवट कॉलमच्या कडेपासून लिहून. कॉलममध्ये लॅप मजल्याच्या मधल्या भागात येतो का, एवढंच पाहिलं तरी निम्मं काम होतं. आणि दोन्हीच्या आधी शेड्यूलवरचा रिव्हिजन नंबर ड्रॉइंगच्या नंबराशी जुळवा. जुळला नाही तर शेड्यूल तसंच परत पाठवा, तपासू नका.